दिवसभर बंद घर आणि दत्तक प्राणी

चारशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये मांजर मावते, तसा मध्यम आकाराचा कुत्राही मावतो. जागेपेक्षा मोठी अडचण म्हणजे घर रोज किती तास रिकामे असते. ठाण्यातल्या वन रूम किचनमधून नवरा-बायको सकाळी साडेआठला निघतात आणि संध्याकाळी सातला परततात असे धरले, तर प्राण्याच्या वाट्याला साडेदहा तासांचा एकांत येतो. कोणता प्राणी आणायचा, हे या साडेदहा तासांवरून ठरवावे.

कुत्र्याचे पिल्लू ढोबळमानाने जितक्या महिन्यांचे, तितकेच तास लघवी रोखू शकते. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन, फार तर तीन तास. शिवाय या वयात त्याला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागते. ते दिवसभर एकटे राहिले तर फरशीवरच शी-शू करण्याची सवय पक्की होते आणि ती मोडायला पुढे महिने जातात. तेव्हा या घरात पिल्लू आणू नये. पूर्ण वाढलेला कुत्रा सहा ते आठ तास थांबतो, पण साडेदहा तास हे त्यालाही जास्तच. दुपारी त्याला खाली फिरवून आणणारे कोणी असेल, शेजारच्या आजी-आजोबांपैकी कोणी किंवा पगारी माणूस, तरच चार-पाच वर्षांचा शांत देशी कुत्रा निवडावा. तो एकटा राहिल्यावर कसा वागतो, हे आधी सांभाळणाऱ्याला विचारावे.

त्याचे वागणे स्वतः तपासायचे असेल, तर जुना मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून बाहेर पडावे. विरहाने घाबरणारा कुत्रा बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दाराला नखे मारतो, लाळ गाळतो, सलग भुंकतो. कंटाळलेला कुत्रा आधी झोप काढतो आणि नंतर चपला कुरतडतो. दुसऱ्याला खेळणी आणि सकाळची लांब फेरी पुरते. पहिल्याला मात्र मिनिटामिनिटाने वेळ वाढवत एकटे राहायला शिकवावे लागते, त्यात अनेक आठवडे जातात. सोसायटीकडे बहुतेक तक्रारी या पहिल्या प्रकारातूनच येतात. बहुमताच्या ठरावानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण त्यामुळे भिंतीपलीकडच्या माणसाला झोप लागत नाही.

दुपारी येणारे कोणी नसेल तर वयात आलेले, नसबंदी झालेले मांजर हाच सोयीचा पर्याय. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते आणि पहाटे व संध्याकाळी, म्हणजे माणसे घरी असताना, हुशारीत येते. पिल्लेच हवी असतील तर एकाच वेताची दोन आणावीत. एकट्या पिल्लाला दिवसभर खेळायला कोणी नसते, मग रात्री ते माणसांच्या पायांना चावत सुटते. एक गोष्ट मात्र शाकाहारी घरांनी आधीच ठरवून टाकावी: मांजर मांसाहारावरच जगते. दूध-पोळीतून त्याला टॉरिन हे आवश्यक द्रव्य पुरेसे मिळत नाही आणि त्याच्या अभावी हृदय व डोळे बिघडतात. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध तर पचतही नाही.

मांजर आणण्याआधी खिडक्यांना जाळी बसवावी, नंतर नव्हे. डोके शिरेल अशा गजांतून मांजर पार होते, आणि डासांची नायलॉनची जाळी नखांनी फाटते. कबुतरामागे झेप घेताना वरच्या मजल्यावरून पडलेल्या मांजरांचे जबडे आणि पाय मोडतात, छातीला मार बसतो. घट्ट ताणलेली धातूची जाळी हवी.

आणायची वेळ शुक्रवारची संध्याकाळ बरी, म्हणजे दोन दिवस सोबत मिळते. सुरुवातीला एकाच खोलीत खाणे, पाणी आणि खाण्यापासून दूर लिटरचा ट्रे ठेवावा. ट्रे बाथरूममध्ये ठेवणार असाल तर ते दार दिवसभर उघडे राहील याची तजवीज हवी. मांजर पलंगाखाली दडून बसले तर ओढून काढू नये, रात्री ते आपणहून बाहेर येऊन खाते. पूर्ण दिवसभर काहीच खाल्ले नाही तर मात्र पशुवैद्याला फोन करावा. लठ्ठ मांजराचे यकृत उपासाने लवकर बिघडते. आधीच्या लसींची नोंद नसेल तर पहिल्याच भेटीत रेबीजची आणि मांजरांच्या नेहमीच्या आजारांवरची एकत्रित लस यांचे वेळापत्रक आखून घ्यावे.

घर बंद असताना उद्भवणारा सर्वात घातक त्रास बोक्यांचा असतो. त्यांची मूत्रनलिका अरुंद असल्याने ती खड्यांनी किंवा चिकट गाळाने तुंबते. असा बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कण्हतो, पण लघवी होत नाही. एक-दोन दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. लघवीने गोळा होणारे लिटर वापरले तर संध्याकाळी ट्रे साफ करताना गोळे मोजता येतात. रोज दोन-तीन असणारे गोळे एखाद्या दिवशी एकही नसतील, किंवा वाटाण्याएवढेच असतील, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री बोक्याला दवाखान्यात न्यावे.