मॅट्रिक्स मोड आणि आयगेन व्हॅल्यू : ताळा कुठपर्यंत खरा?

इंजिनिअरिंगच्या गणिताच्या पेपरात आयगेन व्हॅल्यूचे गणित बहुधा असतेच, आणि बाकावर Casio fx-991ES Plus किंवा त्याच घराण्यातले एखादे कॅल्क्युलेटरही असते. त्यात मॅट्रिक्स मोड आहे, म्हणजे आयगेन व्हॅल्यू तेच काढून देणार, असे पुष्कळ विद्यार्थी धरून चालतात. प्रत्यक्षात या यंत्रात आयगेन व्हॅल्यूचे बटणच नाही. मॅट्रिक्सची बेरीज, गुणाकार, वर्ग, व्यस्त, ट्रान्सपोज, डिटरमिनंट अशी कामे तो मोड करतो. ताळा आपल्यालाच रचावा लागतो, आणि तो अर्धवट रचला तर चुकलेले उत्तरही बरोबर वाटते.

एक गणित घेऊ.

```
A =  2  2  1
     1  3  1
     1  2  2
```

कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन λ³ − S₁λ² + S₂λ − |A| = 0. S₁ म्हणजे ट्रेस, मुख्य कर्णावरच्या संख्यांची बेरीज : 2 + 3 + 2 = 7. S₂ म्हणजे कर्णावरच्या तीन मायनरची बेरीज : 4 + 3 + 4 = 11. डिटरमिनंटसाठी MODE दाबून 6 घ्यायचा, MatA निवडून 3×3 भरायचे आणि AC दाबायचे. मग SHIFT 4 च्या यादीतून det घेऊन det(MatA) काढले की 5 येते. समीकरण झाले λ³ − 7λ² + 11λ − 5 = 0. आता MODE 5 मध्ये चौथा पर्याय घेऊन 1, −7, 11, −5 भरले की मुळे दिसतात : 5 आणि 1.

दोनच कशी? तिसरे गेले कुठे, म्हणून इथे अनेकांचा जीव खालीवर होतो. एकच मूळ दोनदा येत असेल तर कॅल्क्युलेटर ते एकदाच दाखवते, आणि दोघांपैकी दोनदा येणारे कोणते हेही सांगत नाही. ते ट्रेसवरून ठरते. बेरीज 7 हवी, 5 आणि 1 मिळून 6 होतात, म्हणजे उरलेले मूळ 1. आयगेन व्हॅल्यू 5, 1, 1.

गैरसमज : बेरीज ट्रेसइतकी आणि गुणाकार डिटरमिनंटइतका आला की उत्तर पक्के

क्लासमध्ये हाच ताळा शिकवतात आणि तो खोटा नाही, पण 3×3 साठी अपुरा आहे. समजा घाईत एक मायनर चुकले आणि S₂ 11 ऐवजी 12 लिहिले. λ³ − 7λ² + 12λ − 5 = 0 ची मुळे काढा. ती दशांशात येतील, पण त्यांची बेरीज 7 च आणि गुणाकार 5 च येईल, कारण या दोन गोष्टी ठरवणारे सहगुणक आपण बदललेलेच नाहीत. म्हणजे हा ताळा S₂ कडे बघतच नाही, आणि हाताने काढताना चूक होते ती नेमकी S₂ मध्येच. तीन मायनर, प्रत्येकात दोन गुणाकार आणि एक वजाबाकी. चिन्ह निसटायला जागा भरपूर.

S₂ चा ताळा मॅट्रिक्स मोडच देतो. MatA चा वर्ग करा आणि उत्तराच्या कर्णावरच्या संख्या बघा : 7, 13, 7. बेरीज 27. आयगेन व्हॅल्यूंच्या वर्गांची बेरीज हीच यायला हवी : 25 + 1 + 1 = 27. जुळले. S₂ 12 धरले असते तर वर्गांची बेरीज 49 − 24 = 25 आली असती आणि चूक तिथेच उघडी पडली असती. ट्रेस, वर्गाचा ट्रेस आणि डिटरमिनंट ही तिन्ही जुळली तरच 3×3 च्या तिन्ही आयगेन व्हॅल्यू पक्क्या.

दुसरा रस्ता सरळ आहे. कर्णातून 5 वजा करून मॅट्रिक्स पुन्हा भरा आणि det घ्या, 0 यायला हवे. मात्र आयगेन व्हॅल्यू दशांशात असेल तर नेमक्या शून्याची वाट बघू नका. 2, 1 / 1, 1 या 2×2 मॅट्रिक्सची एक आयगेन व्हॅल्यू 2.618… आहे. तीन दशांशांवर तोडून ती वजा केली तर डिटरमिनंट −7.6×10⁻⁵ येतो. उत्तर बरोबरच आहे, हा फरक तोडलेल्या दशांशाचा आहे. घाईत शेवटचा घातांक नजरेतून सुटतो आणि 7.6 बघून विद्यार्थी बरोबर उत्तरावर काट मारतो.

गैरसमज : आयगेन व्हॅल्यू जुळल्या म्हणजे मॅट्रिक्स डायगोनल होणारच

याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. आता हे मॅट्रिक्स बघा.

```
B =  2  1  0
    -1  0  0
     1  2  5
```

ट्रेस 7, S₂ 11, डिटरमिनंट 5. समीकरण तेच, मुळे तीच, वर्गाचा ट्रेसही 27. वर केलेला प्रत्येक ताळा A आणि B साठी अगदी सारखा येतो. तरी A डायगोनल करता येते आणि B करता येत नाही.

फरक λ = 1 पाशी आहे. A − I च्या तिन्ही रो एकच आहेत : 1, 2, 1. रँक 1, म्हणजे x + 2y + z = 0 हे एकच समीकरण हाती उरते आणि त्यातून दोन स्वतंत्र आयगेन व्हेक्टर मिळतात, उदाहरणार्थ (2, −1, 0) आणि (1, 0, −1). B − I मध्ये x + y = 0 आणि x + 2y + 4z = 0 अशी दोन वेगळी समीकरणे उरतात. रँक 2, आणि व्हेक्टर एकच : (4, −4, 1), फार तर त्याच्या पटी. डिटरमिनंट मात्र दोन्हीकडे 0 च. तो रँक 3 पेक्षा कमी आहे एवढेच सांगतो. 2 आहे की 1, हे नाही. व्यस्त काढायला गेलात तर दोन्हीकडे Math ERROR येते, त्यातूनही काही कळत नाही. या यंत्रात रँकचेही बटण नाही. रो रिडक्शन हातानेच करावे लागते, आणि आयगेन व्हेक्टर मागितले असतील तर उत्तरपत्रिकेत मार्कही त्या पायऱ्यांनाच मिळतात.

हाताने काढलेले व्हेक्टर तपासायला मात्र मॅट्रिक्स मोड पुन्हा कामाला येतो. MatB हे 3×1 घेऊन त्यात 2, −1, 0 भरा आणि MatA×MatB करा. 2, −1, 0 च परत आले तर तो λ = 1 चा व्हेक्टर आहे. λ = 5 साठी 1, 1, 1 भरले तर 5, 5, 5 यायला हवे.

इथेही एक फट राहते. B च्या गणितात दुसरा व्हेक्टर सापडेना म्हणून कोणी (4, −4, 1) बरोबर (8, −8, 2) लिहिला, तर गुणाकाराच्या ताळ्यात दोन्ही पास होतात. म्हणून तिन्ही व्हेक्टर उभे मांडून P भरायचे आणि त्याचा det घ्यायचा. A साठी (1, 1, 1), (2, −1, 0), (1, 0, −1) घेतले तर det 4 येतो, म्हणजे तिन्ही स्वतंत्र. B साठी ते दोन व्हेक्टर घेतले तर तिसरा कोणताही असो, det 0 येतो.