मारामारी थांबल्याशिवाय गुण मोजू नयेत

बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामबद्दल बोलणे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तो किती चाली पुढचे पाहतो? या प्रश्नातच अनेक गैरसमजांचे मूळ आहे. प्रोग्रामची कामे दोन. पुढच्या चालींचे फाटे उलगडत जाणे हे एक, आणि जिथे थांबायचे तिथे पटावरची स्थिती कुणाला किती चांगली आहे हे एका आकड्यात सांगणे हे दुसरे. या आकड्याचा मोठा भाग मोहऱ्यांच्या किमतीतून येतो. प्यादे १, घोडा आणि उंट प्रत्येकी ३, हत्ती ५, वजीर ९ हा हिशेब शाळेत बुद्धिबळ शिकलेल्यालाही माहीत असतो. हा हिशेब पटावर काय उभे आहे ते मोजतो. पुढच्या क्षणी काय मारले जाणार आहे ते त्याला दिसत नाही.

गैरसमज: आणखी खोल पाहिले की चूक आपोआप सुटते.

एक साधी स्थिती पटावर मांडून पाहा. पांढऱ्याचा राजा जी१ वर, हत्ती डी१ वर, घोडा सी३ वर आणि प्यादी ए२, बी२, एफ२, जी२, एच२ वर. काळ्याचा राजा जी८ वर, हत्ती एफ८ वर, घोडा एफ६ वर आणि प्यादी डी५, ई६, एफ७, जी७, एच७ वर. दोघांकडे सारखेच मोहरे आहेत, म्हणून हिशेब शून्य. चाल पांढऱ्याची आहे.

प्रोग्रामला एकच चाल पुढे पाहायला सांगितले, तर तो घोड्याने डी५ वरचे प्यादे मारतो आणि +१ असा आकडा देऊन थांबतो. त्या घोड्यावर ई६ च्या प्याद्याचा आणि एफ६ च्या घोड्याचा मारा आहे, पण ती काळ्याची चाल असल्याने पाहणीच्या बाहेर राहते. दोन चाली पाहायला सांगितले की काळ्याचे उत्तर दिसते. प्याद्यासाठी घोडा जातोय हे कळते, प्रोग्राम तो बेत सोडतो आणि आकडा पुन्हा शून्यावर येतो. इथवर खोलीने काम केले असे वाटते. पण तीन चाली पाहायला सांगा. आता तो पांढऱ्याची एखादी निरुपद्रवी चाल, त्यावर काळ्याची तशीच एक चाल धरतो आणि तिसऱ्या चालीला घोड्याने डी५ वरचे तेच प्यादे मारतो. आकडा पुन्हा +१! आधीची चूक दोन चाली पुढे सरकली, एवढाच फरक पडला.

खोली कितीही ठरवा, तिचा शेवट कधी ना कधी मारामारीच्या मधोमध येणारच. शेवटची चाल ज्याची, त्याने काहीतरी मारलेले असते आणि समोरच्याचा मोबदला मोजायचा राहिलेला असतो. तराजूचा काटा झुलत असताना वजन वाचावे, तसा हा प्रकार आहे. प्रोग्रामचा आकडा सम आणि विषम खोलीला असा वर-खाली होऊ लागला, तर पाहणी चुकीच्या जागी तुटते आहे असा संशय घ्यायला हरकत नाही.

म्हणून ठरलेली खोली संपली तरी प्रोग्राम लगेच गुण देत नाही. तिथून पुढे तो फक्त मारण्याच्या चाली पाहत राहतो, आणि मारण्यासारखे काही उरले नाही किंवा मारण्यात फायदा नाही असे दिसले की मगच हिशेब करतो. याला क्विएसन्स सर्च म्हणतात; शांत स्थिती गाठेपर्यंतचा शोध, असे समजा. ही कल्पना अलीकडची मुळीच नाही. क्लॉड शॅनन यांच्या १९५० सालच्या लेखात, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे संगणक प्रत्यक्षात येण्यापूर्वीच, हिशेब फक्त शांत स्थितीतच करावा असे लिहिलेले आहे. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी कागदावर तयार केलेल्या प्रोग्राममध्येही मारामारीच्या चाली पुढे पाहून ‘मृत’ स्थितीला आल्यावर थांबण्याचा नियम होता.

गैरसमज: मारामारी पुढे न्यायची म्हणजे प्रोग्रामला मारतच सुटावे लागते.

हा गैरसमज प्रोग्राम लिहायला बसलेल्यांनाही होतो आणि त्यातून फार विचित्र खेळ निर्माण होतो. वरच्याच स्थितीत फक्त मारण्याच्या चाली खेळायची सक्ती केली तर काय होईल? घोड्याने प्यादे मारले, +१. ई६ च्या प्याद्याने घोडा मारला, -२. डी१ च्या हत्तीने ते प्यादे मारले, -१. एफ६ च्या घोड्याने हत्ती मारला, -६. मारामारी संपली, स्थिती शांत झाली, आणि हिशेब सांगतो की पांढरा सहाने मागे आहे. सुरुवातीची स्थिती मात्र बरोबरीची होती. शहाणा खेळाडू त्या प्याद्याला हातच लावणार नाही.

ही सक्ती काढण्यासाठी जो नियम आहे त्याला स्टँड पॅट म्हणतात. शांतता-शोधातल्या प्रत्येक टप्प्यावर ज्याची चाल आहे त्याला दोन वाटा दिलेल्या असतात: काहीतरी मारायचे, किंवा ‘मी मारत नाही, आहे तोच हिशेब धरा’ म्हणून तिथेच थांबायचे. यातली जी वाट त्याच्या फायद्याची, ती मोजायची. वरची मालिका या नियमाने पुन्हा चालवून पाहा. आकडा -२ असताना हत्तीने मारले तर -६ होणार, म्हणून पांढरा तिथे थांबतो. त्याच्या आधी, आकडा +१ असताना काळा थांबणार नाही, कारण घोडा मारला की हिशेब -२ म्हणजे त्याच्या बाजूने झुकतो. म्हणजे प्यादे मारण्याची खरी किंमत -२ ठरते. आणि सगळ्यात सुरुवातीला पांढऱ्यापुढे पर्याय आहेत ते -२ किंवा न मारता शून्य. तो शून्य घेतो. उत्तर बरोबर आले, आणि तेही एकाच चालीच्या मूळ खोलीवर.

स्टँड पॅटच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे: ज्याची चाल आहे त्याच्याकडे आत्ताची स्थिती न बिघडवणारी निदान एक साधी चाल असेलच. बहुतेक वेळा हे खरे असते. राजाला शह असेल तेव्हा मात्र ते चालत नाही, कारण शह असताना ‘मी थांबतो’ म्हणण्याची सोयच नसते. म्हणून चांगले प्रोग्राम शहाच्या स्थितीत स्टँड पॅट बंद करतात आणि शहातून सुटण्याच्या सगळ्या चाली पाहतात, मग त्या मारण्याच्या असोत वा नसोत. डावाच्या शेवटी जी चाल करावी ती नुकसानीचीच, अशी कोंडीही येते. तिथेही हे गृहीतक खोटे ठरते.

गैरसमज: मर्यादा काढली की शोध कधी संपणारच नाही.

पटावर ३२ मोहरे, त्यांतले दोन राजे मारले जात नाहीत. त्यामुळे मारण्याच्या चालींची कोणतीही मालिका ३० च्या पुढे जाऊच शकत नाही, आणि प्रत्यक्षात ती बहुधा चार-सहा चालींतच संपते. गोंधळाच्या स्थितीत फाटे पुष्कळ फुटतात, हे खरे. म्हणून किमती मोहरा स्वस्त मोहऱ्याने मारण्याची चाल आधी पाहतात आणि उघड तोट्याची मारामारी मुळातच वगळतात. शह देण्याच्या चाली मात्र न संपणाऱ्या असू शकतात, त्यामुळे त्या या शोधात घेतल्याच तर पहिल्या एक-दोन पायऱ्यांपुरत्या घेतात.

गैरसमज: क्विएसन्स सर्च असला की क्षितिजाची अडचण मिटते.

हान्स बर्लिनर हे पत्रव्यवहाराने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे जगज्जेते आणि संगणकशास्त्रज्ञही. १९७३ साली त्यांनी ठरलेल्या खोलीवर पाहणी तुटल्याने येणाऱ्या दोषाला होरायझन इफेक्ट, म्हणजे क्षितिजाचा परिणाम, हे नाव दिले. त्यांना दिसलेली गोष्ट अशी की प्रोग्राम अटळ नुकसान टाळत नाही, ते फक्त आपल्या नजरेपलीकडे ढकलतो, आणि ढकलण्याची किंमत म्हणून आणखी काहीतरी गमावतो. अर्धवट मारामारी हे या दोषाचे एक रूप. दुसरे रूप शांतता-शोधाच्या हाती लागत नाही.

समजा पांढऱ्याच्या उंटाने ए७ वरचे प्यादे मारले आणि काळ्याने बी६ वर प्यादे सरकवून त्याची परतीची वाट बंद केली. काळ्याचा राजा सी८ वर आहे. तो बी७ वर येईल आणि मग उंट मारेल. चार चालींच्या खोलीवर हे दिसते: पांढरा, राजा बी७ वर, पांढरा, उंट गेला, तीन गुणांचे नुकसान. आता प्रोग्राम पळवाट शोधतो. तो आधी ई४ वरचे प्यादे ई५ वर ढकलून काळ्याच्या एफ६ वरच्या घोड्यावर मारा करतो. काळा डी६ च्या प्याद्याने ते प्यादे मारतो. मग पांढऱ्याची एक चाल, मग राजा बी७ वर, आणि चार चाली संपल्या. आता शांतता-शोध सुरू होतो, पण चाल पांढऱ्याची आहे. तो स्टँड पॅट म्हणतो आणि उंट जिवंत धरून हिशेब मिटतो. नुकसान फक्त एका गुणाचे दिसते, म्हणून प्रोग्रामला हाच मार्ग चांगला वाटतो. पुढच्या पाळीला तो आणखी एखादे प्यादे असेच देईल, आणि शेवटी उंटही जाईलच.

यावर उपाय वेगळे आहेत. शहाच्या किंवा एकमेव चांगल्या चालीच्या फाट्यावर खोली वाढवतात. डीप थॉट या यंत्राच्या चमूने १९८८ साली मांडलेली सिंग्युलर एक्स्टेन्शन्स ही त्याच जातीची युक्ती. ए७ किंवा एच७ वर अडकलेल्या उंटासाठी काही प्रोग्रामच्या हिशेबातच वेगळा दंड लिहिलेला असतो.

गैरसमज: न्यूरल नेटवर्क आल्यापासून हे सगळे जुने झाले.

स्टॉकफिशने २०२० साली स्थिती तोलण्यासाठी न्यूरल नेटवर्क घेतले, तरी त्याच्या कोडमध्ये `qsearch` हा भाग आहेच. मारामारीच्या मधोमध नेटवर्कचा अंदाजही डगमगतो, म्हणून त्याला शांत स्थितीच दाखवावी लागते. अल्फाझिरो किंवा लीला यांची फाटे उलगडण्याची पद्धतच निराळी असल्याने त्यांत हा वेगळा टप्पा नाही.

स्वतः बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहीत असाल, तर वरची डी५ ची स्थिती त्याला एक, दोन आणि तीन चालींच्या खोलीवर द्या आणि फक्त मोहऱ्यांच्या किमतीवर गुण मागा. तिन्ही वेळा शून्य आले तर शांतता-शोध या परीक्षेत उतरला. एखाद्या खोलीवर +१ आले तर तो चालतच नाही, आणि उणे आकडा आला तर बहुतेक स्टँड पॅट लिहायचे राहून गेले आहे.