भूक मेली, पोट जड : दोष पोटाचा की थायरॉईडचा?

सकाळी नऊला खाल्लेले पोहे दुपारी एकलाही पोटातच असल्यासारखे वाटतात. पान वाढून समोर आलं तरी खावंसं वाटत नाही. बळेबळे दोन घास खाल्ले की जडपणा येतो, डोळे मिटायला लागतात. पोट तीन-तीन दिवस साफ होत नाही. अशा चाळिशीतल्या बाईला घरचे इसबगोल देतात, कुणी त्रिफळा सुचवतं. केस गळणं, थंडी सहन न होणं, त्वचा कोरडी पडणं हेही सोबत असतं, पण त्याचा पोटाशी संबंध कुणी जोडत नाही.

अन्न पुढे सरकतं ते जठर-आतड्यांच्या स्नायूंच्या लाटांमुळे. जठरात या लाटा मिनिटाला साधारण तीन उठतात. थायरॉईडचं संप्रेरक कमी पडलं की या हालचालींचा वेग आणि जोर दोन्ही उतरतात. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून जेवणानंतरचा जडपणा. मोठ्या आतड्याचं एक काम म्हणजे मळातलं पाणी शोषून घेणं. मळ तिथे जितका रेंगाळेल तितकं जास्त पाणी शोषलं जातं आणि खडा होतो. आजार जुना आणि तीव्र असेल तर आतड्याच्या भिंतीतही पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ साचतो, भिंत सुजते आणि आकुंचन आणखी दुबळं होतं.

भुकेचं कारण वेगळं. शरीराचा ऊर्जेचा खर्चच कमी होतो, त्यामुळे मागणीही घटते. तरी वजन थोडं वाढतं, कारण त्यातला बराच भाग शरीरात साठलेल्या पाण्याचा असतो. ‘खात तर काहीच नाही’ ही तक्रार बहुतेकदा खरी असते.

निदान रक्ताच्या टीएसएच आणि फ्री टी-४ चाचणीवरून होतं. टीएसएच किंचितच वाढलेलं असेल, तर बद्धकोष्ठतेचं खापर लगेच त्याच्यावर फोडू नये.

गोळी सुरू झाल्यावरही पोट सुधारलं नाही, तर आधी ती कशी घेतली जाते ते पाहावं. ती रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत, चहा-नाश्त्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवाव्यात. इसबगोलही सोबत घेतलं तर गोळीचं शोषण कमी होऊ शकतं. म्हणजे ज्या आजाराने पोट अडलंय, त्याच आजाराच्या गोळीला घरचा उपाय आडवा येतो! इसबगोल रात्री घ्यावं, भरपूर पाण्यासोबत. लोहाच्या गोळीनेही पोट धरतं, हेही डॉक्टरांना सांगावं. मात्रा बदलली की साधारण सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात. त्याआधी मनाने गोळी वाढवू नये.

मळातून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा उलट्या होऊन पोट फुगत असेल, तर थायरॉईडवर विसंबून राहू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.