रिकाम्या मेसेजची परीक्षा

चॅटच्या चौकटीत काहीच न लिहिता पाठवायचं बटण दाबलं, तर बहुतेक ठिकाणी काही घडत नाही. पण तिथेच चार वेळा स्पेसबार दाबून मग बटण दाबलं तर? नवी चॅट यंत्रणा तपासायला बसलेले टेस्टर हा प्रयोग अगदी सुरुवातीलाच करतात आणि बऱ्याचदा त्यातून काहीतरी हाती लागतं. कुठे पडद्यावर एक पोकळ फुगा उमटतो. कुठे पलीकडचा बॉट न विचारलेल्या प्रश्नाचं ऐसपैस उत्तर द्यायला लागतो. हे दिसायला वाईट, पण किरकोळ.

खरी गडबड पुढच्या मेसेजला होते. चॅटबॉटमागचं भाषेचं मॉडेल आधीचं बोलणं स्वतःहून लक्षात ठेवत नाही. चॅटचा प्रोग्राम दर वेळी पहिल्यापासूनचा सगळा संवाद त्याच्याकडे नव्याने पाठवतो. आता काही मॉडेल-सेवा नुसत्या मोकळ्या जागांचा मेसेज स्वीकारतच नाहीत, सरळ एरर परत करतात. प्रोग्रामने तो कोरा मेसेज तपासण्याआधीच संवादात साठवून ठेवला असेल, तर पुढच्या प्रत्येक खेपेला तोही सोबत जातो आणि प्रत्येक खेप नाकारली जाते. ग्राहक नंतर ‘माझी ऑर्डर कुठवर आली?’ असं नीट विचारतो, तरी त्याला ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच दिसत राहतं. नवा संवाद उघडला की सगळं सुरळीत, जुन्यात परत आलं की पुन्हा तीच एरर. हे लक्षण दिसलं, की साठवलेल्या संवादात कुठेतरी कोरा मेसेज अडकलाय का ते आधी पाहावं. म्हणूनच अनुभवी टेस्टर कोरा मेसेज पाठवून थांबत नाही. त्याच्यामागून एक साधा, शहाणा प्रश्न विचारतो आणि मगच निकाल लिहितो.

उपाय सोपा वाटतो. मेसेजच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटायच्या, काही उरलं नाही तर पाठवायचं नाही. पण ‘मोकळी जागा’ म्हणजे नेमकं काय, यावर संगणकाच्या भाषांचंच एकमत नाही. पायथनमध्ये करून पाहा:

```
>>> "    ".strip() == ""
True
>>> "\u200b".strip() == ""
False
```

`\u200b` हे युनिकोडमधलं शून्य रुंदीचं स्पेस. पडद्यावर ते तसूभरही जागा घेत नाही, पण पायथनच्या लेखी ती मोकळी जागा नाही, म्हणून ते छाटलं जात नाही. जावास्क्रिप्टही ते छाटत नाही. `\ufeff` या दुसऱ्या अदृश्य चिन्हाची गंमत वेगळी आहे. ते जावास्क्रिप्टचं `trim()` काढून टाकतं, पायथनचं `strip()` मात्र ठेवतं. म्हणजे ब्राउझरला जो मेसेज रिकामा वाटतो, तोच सर्व्हरला भरलेला वाटतो. ब्राउझर त्याला दारातच अडवेल हे खरं, पण सर्व्हरशी बोलायला ब्राउझरच लागतो असं कुठे आहे? टेस्टरने तीच विनंती ब्राउझर टाळून थेट सर्व्हरकडे पाठवली, की हा फरक उघडा पडतो. याहून खोडकर आहे U+3164. कोरियन लिपीतलं हे भरणचिन्ह दिसतं कोरं, पण युनिकोडच्या वर्गवारीत ते चक्क अक्षर आहे! ‘निदान एक अक्षर हवं’ असा नियम लावला, तर ते त्यातूनही निसटतं.

अशी चिन्हं टेस्टरने कुठून तरी कॉपी करून आणू नयेत. वाटेतला एखादा एडिटर ती गुपचूप गाळून टाकतो आणि आपण तपासलं भलतंच, हे कळतही नाही. ती कोडमधून तयार करावीत आणि नोंदवहीतही `\u200b` अशी उघड लिहावीत. नाहीतर दोन कोऱ्या ओळींपैकी कुठली पास झाली आणि कुठली नापास, हे महिन्याभराने लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही.

इथवर आलेल्या प्रोग्रामरला एक मोह होतो: सगळी अदृश्य चिन्हं मेसेजमधून सरसकट पुसून टाकावीत. मराठी वाचकाने इथे जरा कान टवकारावेत. ‘दर्‍या’ म्हणजे डोंगरातल्या, आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. पहिल्या शब्दातला तो आडवा, पापणीसारखा र टंकण्याची एक चालू पद्धत अशी: र, हलन्त, मग U+200D हे अदृश्य जोडचिन्ह, मग य. ते पुसलं की उरतं र, हलन्त, य, आणि डोंगरातल्या दर्‍यांचा समुद्र होतो. सहलीची चौकशी करणारा माणूस लिहितो एक आणि बॉटपर्यंत पोचतं दुसरं. ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून टंकलेला ‘दऱ्या’ यातून वाचतो, पण कोणाचा कीबोर्ड कुठली पद्धत वापरतो हे चॅटवाल्याच्या हातात नसतं. हेच U+200D इमोजीतही असतं. आई, बाबा आणि मुलगी असं एकत्र कुटुंब त्यानेच जोडलेलं असतं, ते पुसलं की तिघं सुटी होतात.

दुसऱ्या बाजूला, सगळंच जसंच्या तसं पुढे जाऊ देणंही धोक्याचं. युनिकोडमध्ये U+E0000 पासून ‘टॅग’ चिन्हांचा एक गट आहे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या अदृश्य प्रती आहेत. माणसाला न दिसणारी सूचना त्यांतून लिहिता येते आणि मॉडेल ती वाचू शकतं, हे रायली गुडसाइड यांनी जानेवारी २०२४ मध्ये दाखवून दिलं. हा गट मेसेजमधून काढून टाकणं शहाणपणाचं. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सच्या झेंड्यांचे इमोजी याच चिन्हांवर बनतात, त्यांना तेवढी सवलत द्यावी लागते.

माझ्या मते बरा मार्ग असा. मेसेज कोरा आहे का हे ठरवण्यासाठी त्याची एक प्रत घ्यावी. त्या प्रतीतून सगळी अदृश्य चिन्हं काढावीत, कोरियन भरणचिन्हासारखे अपवाद नाव घेऊन काढावेत, आणि काही उरतं का ते पाहावं. उरलं, तर पुढे जाईल तो मूळ मेसेज, त्यातली जोडचिन्हं शाबूत ठेवून.

पण छाटणारा कोडच घात करतो, याचं ठसठशीत उदाहरण २० जुलै २०१६ चं आहे. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची प्रसिद्ध साइट स्टॅक ओव्हरफ्लो त्या दिवशी ३४ मिनिटं बंद पडली. कोणी हल्ला केला नव्हता. एका पोस्टमधल्या एका ओळीत सुमारे २०,००० मोकळ्या जागा सलग आल्या होत्या, इतकंच. ओळीच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटण्यासाठी हा नमुना वापरला होता:

```
^[\s\u200c]+|[\s\u200c]+$
```

उभ्या रेघेच्या डावीकडचा भाग ओळीच्या सुरुवातीच्या जागा शोधतो, उजवीकडचा शेवटच्या. गोम उजवीकडे आहे. यंत्र पहिल्या मोकळ्या जागेपासून निघतं, वीस हजार जागा ओलांडतं आणि पुढे ओळीचा शेवट नसून एक अक्षर आहे हे त्याला कळतं. मग ते दुसऱ्या जागेपासून पुन्हा निघतं आणि १९,९९९ जागा ओलांडून त्याच अक्षरावर आपटतं. मग तिसऱ्यापासून. बेरीज केली तर जवळपास वीस कोटी पावलं होतात, तीही एका ओळीसाठी. ती पोस्ट नेमकी मुखपृष्ठाच्या यादीत होती, त्यामुळे मुखपृष्ठ उघडणाऱ्या प्रत्येकामागे सर्व्हर हाच उपद्व्याप करत राहिले. शिवाय कुठला सर्व्हर धडधाकट आहे हे ठरवणारी यंत्रणाही मुखपृष्ठच मागून पाहत होती. उत्तर येईना, म्हणून तिने सगळे सर्व्हर बाद केले आणि सगळी साइट गेली. दुरुस्ती करताना तो नमुना काढून साधं, टोकापासून मोजत येणारं छाटणं बसवलं गेलं.

टेस्टरने यातून एक बारकावा उचलायला हवा. नुसत्या वीस हजार मोकळ्या जागा पाठवल्या असत्या, तर काहीच झालं नसतं, कारण डाव्या भागाने त्या एका दमात उचलल्या असत्या. दोन्ही बाजूंना अक्षर आणि मधे जागा, असं असेल तरच ही खोट दिसते. ‘कोरा मेसेज’ आणि ‘लांबलचक मेसेज’ अशा दोन वेगळ्या चाचण्या करून दोन्ही पास झाल्या, तरी ही चूक लपलेलीच राहते. म्हणून त्यांची सांगड घालावी आणि लांबी दुप्पट करत वेळ मोजावा. खालच्या कोडमध्ये `clean` म्हणजे आपल्या यंत्रणेचं छाटणारं फंक्शन:

```
import time
for n in (1000, 2000, 4000, 8000, 16000):
    t = time.perf_counter()
    clean("x" + " " * n + "x")
    print(n, time.perf_counter() - t)
```

लांबी दुप्पट झाल्यावर वेळही साधारण दुप्पट झाला, तर ठीक. चौपट होत गेला, तर सोळा हजारांशी आकडा लहान दिसत असला तरी लाखाला तो सर्व्हरला बसवेल. हे प्रयोग अर्थातच चाचणीच्या सर्व्हरवर करायचे, ग्राहक ज्यावर बोलतायत त्यावर नाही.

यावर सोपा इलाज म्हणजे लांबीची मर्यादा, आणि ती छाटण्याच्या आधी तपासायला हवी. समजा मर्यादा ४,००० ठरली. पण चार हजार काय? ‘नमस्कार’ या शब्दात युनिकोडची सात चिन्हं आहेत आणि साठवताना त्याला एकवीस बाइट लागतात, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ब्राउझरने चिन्हं मोजली आणि डेटाबेसने बाइट, तर इंग्रजी मेसेज सुखरूप जातो आणि तेवढाच मराठी मेसेज अडतो, किंवा अक्षराच्या मधोमध कापला जाऊन शेवटी काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह उमटतं. मॉडेल तर तिसऱ्याच मापाने मोजतं. ते मजकुराचे टोकन नावाचे तुकडे करतं, आणि सारखी येणारी अक्षरं एकेका तुकड्यात गोळा होतात. त्यामुळे ‘a’ हे अक्षर लाख वेळा लिहून मॉडेलची मर्यादा तपासायला गेलात, तर अपेक्षेहून बरेच कमी टोकन भरतात आणि चाचणी उगाच पास होते. त्याच लांबीचा खरा मराठी मजकूर मात्र कितीतरी जास्त टोकन खाऊ शकतो. सारख्या अक्षरांची माळ तुकडे पाडणाऱ्या प्रोग्रामचा वेग तपासायला चांगली. ओपनएआयच्या `tiktoken` मध्ये दहा हजार वेळा तेच चिन्ह देणारी चाचणीच आहे, `test_catastrophically_repetitive` या नावाची. मर्यादा तपासायला मात्र माणसांनी लिहिलेला मजकूर घ्यावा, मराठीत आणि इंग्रजीत, एकदा मर्यादेइतका आणि एकदा तिच्याहून एकाने जास्त.

आणि तो एकाने जास्त असलेला मेसेज नाकारला गेल्यावर चौकट पुन्हा पाहावी. तक्रार सविस्तर लिहिलेल्या माणसाचा मजकूर तिथे तसाच राहायला हवा, किती अक्षरं कमी करायची हे त्याला कळायला हवं. अनेक ठिकाणी ‘मेसेज फार लांब आहे’ असं सांगताना चौकटही पुसली जाते, आणि ही चूक सर्व्हरच्या कुठल्याच नोंदीत सापडत नाही.