शिफारशीतला आकडा आणि पोत्यातले खत

सुरू उसासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे. पेठ वडगावच्या सभेत हा आकडा नुसता वाचून दाखविला, तर ऐकणारा त्यास युरियाचे वजन समजेल. आणि मग पिकास निम्म्याहूनही कमी नत्र मिळेल. कारण शंभर किलो युरियात नत्र असते ४६ किलोच.

म्हणून प्रथम हेक्टराचा एकर करावा. एकरी नत्र येते सुमारे १०१ किलो, आणि त्यास युरिया लागतो २२० किलो. पूर्वी पोते ५० किलोचे असे; २०१८ पासून ते ४५ किलोचे झाले. जुन्या मापाने ठरविलेली ४.४ पोती आज टाकली, तर २२ किलो युरिया कमी पडतो. म्हणजे लागणीच्या वेळचा सबंध हप्ताच बुडतो.

तेव्हा सभेत असे सांगावे: एकरी पाच पोत्यांस पाच किलो कमी युरिया, लागणीस २२ किलो, सहा ते आठ आठवड्यांनी ८८, बारा ते सोळा आठवड्यांनी २२ आणि मोठ्या बांधणीस ८८. डीएपी घातले असल्यास त्याच्या पन्नास किलोंमागे वीस किलो युरिया वजा करावा. मात्र 'सुरू' हा शब्द गाळू नये. आडसालीची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे.