सेंटॉर निकष

सेंटॉर निकष ही घसादुखीच्या रुग्णाला स्ट्रेप्टोकोकस पायोजेनेस (गट अ स्ट्रेप्टोकोकस) या जिवाणूचा संसर्ग असण्याची शक्यता किती आहे, हे ठरवण्याची वैद्यकीय गुणपद्धती आहे. अमेरिकन वैद्य रॉबर्ट सेंटॉर व सहकाऱ्यांनी ती १९८१ मध्ये प्रौढ रुग्णांसाठी मांडली.

पार्श्वभूमी

बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविकांविना बरी होते. केवळ घसा पाहून कारण ओळखता येत नाही. टॉन्सिलवरील पांढरे डाग जिवाणूसंसर्गाप्रमाणेच एप्स्टीन-बार विषाणूच्या संसर्गातही दिसतात. मात्र खोकला, वाहणारे नाक, बसलेला आवाज आणि लाल डोळे ही लक्षणे विषाणूकडे निर्देश करतात.

गुणांकन

पुढील प्रत्येक बाबीस एक गुण दिला जातो:
* ३८° सेल्सियसपेक्षा अधिक ताप
* खोकला नसणे
* टॉन्सिलवर सूज किंवा पांढरा स्राव
* मानेच्या पुढील भागातील लसिका ग्रंथी सुजून दुखणे

१९९८ मध्ये वॉरन मॅकआयझॅक यांनी त्यात वयाची भर घातली. ३ ते १४ वर्षे वयास एक गुण मिळतो, तर ४५ वर्षे व त्यावरील वयास एक गुण वजा होतो. एक किंवा त्याहून कमी गुण असल्यास सहसा चाचणी व प्रतिजैविक दोन्ही टाळतात. दोन किंवा अधिक गुण असल्यास घशातील स्रावाची जलद प्रतिजन चाचणी करतात.

उदाहरण

९ वर्षांच्या मुलीला ३८.६° ताप आहे, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे डाग आहेत आणि मानेतील गाठी दुखतात. वयाचा गुण धरून तिचे पाच गुण होतात. तरीही अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांनाच हा जिवाणूसंसर्ग असतो, म्हणून चाचणी आवश्यक ठरते. ती होकारात्मक आल्यास पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन साधारणतः दहा दिवस देतात. नकारात्मक आल्यास मुलांमध्ये स्रावाचे संवर्धन करून खात्री केली जाते, कारण जलद चाचणीत काही संसर्ग निसटतात. याउलट ३२ वर्षांच्या पुरुषाला ३७.६° ताप, खोकला व सर्दी असून घसा केवळ लाल असेल, तर त्याचे गुण शून्य होतात.

उपचाराचा हेतू आणि मर्यादा

प्रतिजैविकामुळे दुखण्याचा काळ थोडाच कमी होतो. मुख्य हेतू रुमॅटिक ताप टाळणे हा असतो; या तापाने हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. लक्षणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केल्यास हे संरक्षण मिळते. त्यामुळे संवर्धनाच्या निकालासाठी एक-दोन दिवस थांबणे सहसा सुरक्षित असते. रुमॅटिक ताप अधिक आढळणाऱ्या प्रदेशांत मात्र कमी गुणांनाही उपचार दिले जातात.

काही निरोगी मुलांच्या घशात हा जिवाणू लक्षणांविना राहतो. अशा मुलाला विषाणूजन्य घसादुखी झाली, तरी चाचणी होकारात्मक येते. म्हणूनच कमी गुण असताना चाचणी टाळली जाते. श्वास घेण्यास त्रास, लाळ गिळता न येणे किंवा तोंड उघडता न येणे या लक्षणांना ही गुणपद्धती लागू होत नाही; तेथे तातडीची तपासणी करावी लागते.