भेग किती मोठी नव्हे, कुठे आणि कशी?

सोसायटीच्या सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आला की बहुतेक सभासद दोनच गोष्टी शोधतात. इमारत कोणत्या वर्गात टाकली आहे आणि आपल्या फ्लॅटच्या वाट्याला किती खर्च येणार आहे. खरं तर या दोन्हींची उत्तरं मधल्या पानांवरच्या निरीक्षणांमध्ये असतात. कोणत्या मजल्यावर, कोणत्या कॉलमला, बीमला किंवा स्लॅबला काय दिसलं याची ती यादी कंटाळवाणी वाटते, म्हणून तिच्याकडे कोणी वळत नाही.

मुंबई महापालिकेच्या कायद्यातल्या 353-ब कलमानुसार 30 वर्षांपुढच्या इमारतींची तपासणी बंधनकारक आहे. तिथल्या अहवालात इमारतीला चारपैकी एक वर्ग मिळतो. सी-1 म्हणजे इमारत राहण्यास धोकादायक, ती रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी दुरुस्ती करायची. सी-2बी म्हणजे रहिवासी आत असतानाच ढाच्याची दुरुस्ती करता येते. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पण हा वर्ग संपूर्ण इमारतीचा असतो. सी-2बी इमारतीतही एखादा कॉलम असा असू शकतो की त्याला आजच टेकू लावायला हवेत.

उदाहरणासाठी मुंबईच्या उपनगरातली एक इमारत कल्पू. बांधकाम 1984चं, खाली पार्किंग, वर चार मजले, वर्ग सी-2बी. अहवालात चार ठिकाणच्या भेगांची नोंद आहे.

पहिली भेग तिसऱ्या मजल्यावरच्या एका हॉलमध्ये. बीमच्या खाली, भिंतीच्या वरच्या टोकाला आडवी, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरळ. घरातल्या माणसांची झोप उडवते ती हीच, कारण ती रोज डोळ्यांसमोर असते. पण विटांची भिंत आणि काँक्रीटचा बीम ऊन-पावसात वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावतात आणि त्यांच्या सांध्यावर प्लास्टर फाटतं. अशा इमारतीचा भार कॉलम आणि बीम पेलतात, ही भिंत नव्हे. खाच पाडून ती पॉलिमर फिलरने भरायची, सांध्यावर जाळी मारून प्लास्टर करायचं. रंगकामाच्या वेळी केलं तरी चालतं.

दुसरी भेग पार्किंगमधल्या कॉलमला, कोपऱ्यालगत उभी, जेमतेम दीड मिलिमीटर रुंद. कडेला तांबूस डाग, हातोडीने ठोकलं तर पोकळ आवाज. इथे गाड्या लागतात, म्हणून कोणी निरखून पाहत नाही. अहवालातली सर्वांत गंभीर नोंद मात्र हीच असू शकते. कॉलमच्या कोपऱ्यात आत उभी सळई असते. तिला गंज चढला की मूळ लोखंडापेक्षा तो कितीतरी पट जास्त जागा मागतो, आणि बाहेरचं काँक्रीट आतून फुटून सळईच्या रेषेतच उकलतं. म्हणजे भेग हे कारण नाही. आत आधीच सुरू झालेल्या गंजाचा तो परिणाम आहे. वरून सिमेंट थापलं तर डाग झाकला जाईल, गंज चालूच राहील. शिवाय वरच्या चारही मजल्यांचा भार या कॉलमवर आहे.

तिसरी नोंद दुसऱ्या मजल्यावरच्या संडासाच्या छताची. काँक्रीटचे पोपडे पडून सळया उघड्या दिसताहेत. दोष वरच्या घरातल्या संडासाच्या वॉटरप्रूफिंगचा किंवा नळाच्या सांध्याचा आहे. इथे क्रम महत्त्वाचा. आधी वरची गळती बंद करायची, स्लॅब वाळू द्यायचा, मग खालून दुरुस्ती करायची. उलट केलं तर काही पावसाळ्यांत तेच पोपडे पुन्हा पडतात आणि दोन घरांत भांडण लागतं ते वेगळंच.

चौथी भेग बीमला. बीमच्या मध्यभागी तळापासून वर जाणारी केसासारखी उभी भेग अनेकदा दिसते. भार आला की बीम किंचित वाकतो आणि तळाशी ताण पडतो, म्हणून ती येते. 0.3 मिलिमीटरपर्यंतची अशी भेग भारतीय मानकांनाही सर्वसाधारण परिस्थितीत मान्य आहे. आपल्या इमारतीतली भेग मात्र कॉलमजवळून निघून तिरकी वर गेली आहे आणि बीमवर रहिवाशाने नंतर एक विटांची भिंत उभारली आहे. टोकाजवळची तिरकी भेग म्हणजे बीम कातरला जाण्याची शक्यता, आणि असा बीम फारशी पूर्वसूचना न देता जातो. म्हणून इंजिनिअर इथे तातडीने टेकू लावायला सांगतो. हे टेकू फक्त खालच्या मजल्यावर लावून भागत नाही. भार जमिनीपर्यंत पोचावा म्हणून प्रत्येक मजल्यावर त्याच रेषेत ते द्यावे लागतात, नाहीतर खालच्या स्लॅबवर नवा भार पडतो.

यानंतर चाचण्यांचे आकडे येतात. अल्ट्रासॉनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडतात. वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली असेल तर शंकास्पद, असं ढोबळमानाने धरतात. रिबाउंड हॅमरचे आकडे जुन्या इमारतीत फसवे असतात. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो आणि ताकद आहे त्यापेक्षा जास्त दिसते. याच प्रक्रियेत काँक्रीटमधला क्षार संपतो आणि सळईचं गंजापासूनचं संरक्षण जातं. ती कुठवर पोचली हे पाहायला ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. गुलाबी झालं तो भाग शाबूत, रंग न बदललेल्या भागातलं संरक्षण संपलेलं. रंग न बदललेला थर सळईपर्यंत पोचला असेल तर आज भेग नसलेला कॉलमही पुढे फुटू शकतो. एकाच चाचणीवर कोणी वर्ग ठरवला असेल, तर सभेत प्रश्न विचारायलाच हवा.

आता तातडीचा क्रम आपोआप लागतो. टेकू या आठवड्यात, बीमवरची जादा भिंत लगेच काढायची. कॉलमची दुरुस्ती पहिल्या टप्प्यात, शक्य तर पावसाळ्यापूर्वी. त्याच्याबरोबरीने संडासांची गळती, मग स्लॅब. बाहेरचं प्लास्टर नंतर, रंग अगदी शेवटी. निधी कमी असल्यावर अनेक सोसायट्या हा क्रम उलटा लावतात, कारण रंग रस्त्यावरून दिसतो.

कॉलमचं काम चालू असताना कमिटीने एक गोष्ट स्वतः पाहावी. सळईच्या मागे बोट जाईल इतकं काँक्रीट फोडलं आहे का? पुढचाच भाग घासून रंग मारला, तर मागच्या बाजूने गंज चालू राहतो. सळई चहूबाजूंनी साफ करून, झिजली असेल तर नवी जोडून, गंजरोधक लेप देऊनच पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट भरायचं असतं.

शेवटी अहवालाची मर्यादा. पाहणीच्या दिवशी जे फ्लॅट बंद होते, त्यांच्यापुढे ‘तपासणी झाली नाही’ असा शेरा असतो. त्याचा अर्थ तिथे सगळं ठीक आहे असा नाही. खर्चाचा अंदाजही प्लास्टर न काढता, वरून दिसेल त्यावर केलेला असतो. फोडकाम सुरू झालं की कामाचं प्रमाण वाढतं, आणि त्यात दर वेळी कंत्राटदाराची लबाडी असतेच असं नाही. म्हणून निविदेत प्रत्येक कामाचा दर ठरवून घ्यावा, फोडलेल्या प्रत्येक कॉलमची मापं भरण्यापूर्वी इंजिनिअर आणि कमिटी सदस्यासमोर लिहून त्यावर सह्या घ्याव्यात, आणि बंद फ्लॅटच्या मालकांना पत्र पाठवून ती पाहणी पूर्ण करून घ्यावी.